पहिल्या भेटीत प्रश्न तुम्हीही विचारा

निखिल हे खरं नाव नाही आणि ही गोष्टही कुणा एकाची नाही. समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या चार-पाच गोष्टींतून ती जुळवली आहे. निखिल सव्वीस वर्षांचा, मूळचा कराडकडचा, पुण्यात नोकरीला. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आणि त्याची झोप उडाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची, छाती धडधडायची, हातापायांना घाम सुटायचा. ईसीजी काढला, थायरॉईड तपासलं, सगळं ठीक निघालं. फॅमिली डॉक्टरांनी समुपदेशकाचं नाव सुचवलं. अपॉइंटमेंट आईने घेतली, पैसेही तिनेच भरले. दुसऱ्या भेटीत निखिलने सगळा धीर गोळा करून सांगितलं, की मला मुलगे आवडतात, शाळेपासूनच.

समुपदेशक बाई चांगल्या होत्या. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ‘माझा कशालाच विरोध नाही, माझ्यासाठी सगळे सारखे,’ असंही म्हणाल्या. मग विचारलं, वडील लहानपणी फार कडक होते का? होस्टेलवर कधी काही घडलं होतं का? एखाद्या मुलीशी मनापासून मैत्री करून पाहिली आहेस का? शेवटी म्हणाल्या, ‘आधी आपण झोपेचं बघू, बाकी नंतर. आणि आईला थोडी कल्पना द्यायला हवी, ती फार काळजीत आहे रे.’

निखिल तिसऱ्या भेटीला गेला नाही. त्यानंतर तीन वर्षं तो कोणाकडेच गेला नाही. धडधड सुरूच होती.

या प्रसंगात कोणीही वाईट बोललं नाही. कोणी शॉक दिला नाही, अंगारा लावला नाही, ‘हा आजार आहे’ असंही म्हटलं नाही. तरीही उपचार फसला. ‘माझा विरोध नाही’ हे वाक्य चांगलं माणूस असल्याचा पुरावा आहे. पण समलिंगी किंवा पारलिंगी व्यक्तीवर उपचार करता येतात, याचा तो पुरावा नाही. त्यासाठी वेगळं कौशल्य लागतं, ते शिकावं लागतं. आणि ते समोरच्याकडे आहे की नाही, हे पहिल्याच भेटीत चार प्रश्न विचारून बऱ्यापैकी कळू शकतं.

नेमकं काय चुकलं?

जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय १७ मे १९९० रोजी घेतला. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तर पारलिंगी असण्याशी संबंधित नोंदही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली गेली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याची भूमिका जाहीर केली. म्हणजे निखिलला मुलगे का आवडतात, या प्रश्नाला उपचाराच्या खोलीत जागाच नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला आपण ‘लहानपणी काय झालं होतं?’ असं विचारत नाही.

मग त्याची झोप कशाने उडाली? गेली पंधरा वर्षं तो दिवसभर स्वतःवर पहारा ठेवून आहे. ऑफिसात जेवताना गर्लफ्रेंडचा विषय निघाला की काय बोलायचं, फोन टेबलावर उलटा ठेवायचा की नाही, मावशीने ‘कोणी आवडते का?’ विचारलं तर किती हसायचं. मानसशास्त्रज्ञ इलन मायर यांनी २००३ मध्ये या ताणाची मांडणी केली. सर्वांच्या वाट्याला येणाऱ्या रोजच्या ताणांवर हा जादा ताण चढतो: भेदभावाचा अनुभव, तो पुन्हा वाट्याला येईल ही धास्ती, लपवण्याची मेहनत आणि लोकांनी म्हटलेलं हळूहळू स्वतःलाच खरं वाटू लागणं. निखिलच्या झोपेचा धागा इथे होता. ‘आधी झोप, बाकी नंतर’ असं म्हणणाऱ्या समुपदेशकाने ‘बाकी’ समजून जे बाजूला ठेवलं, तेच झोप उडण्याचं कारण होतं.

उलट चूकही होते. एखादी पारलिंगी मुलगी परीक्षेच्या भीतीसाठी येते आणि समोरचा सगळं काही तिच्या लिंगभावाशी जोडून टाकतो. तिला अभ्यासाचं वेळापत्रक आणि घाबरल्यावर श्वास सावरण्याची पद्धत हवी असते. पण तिचा तास स्वतःच्या शरीराबद्दलची उत्तरं देण्यात जातो. जाणकार थेरपिस्ट दोन्ही टाळतो. तो ओळख गृहीत धरतो, ती कुठे त्रासाशी जोडलेली आहे आणि कुठे नाही हे तुमच्याबरोबर शोधतो. यालाच हल्ली ‘क्वीअर-अफर्मेटिव्ह’ थेरपी म्हणतात. ‘क्वीअर’ हा समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा सर्वांसाठी वापरला जाणारा एकत्रित शब्द.

भेटीच्या आधी

आपल्याकडे ‘मानसोपचार’ या एका पाटीखाली तीन वेगळी माणसं बसलेली असतात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. तो औषधं लिहितो, त्याची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशक मात्र एम.ए. करून उत्तम काम करणारा असू शकतो किंवा पंधरवड्याचा कोर्स करून पाटी लावलेलाही असू शकतो. हा फरक फक्त पदवीचा नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये ‘कन्व्हर्जन थेरपी’, म्हणजे लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलण्याचा ‘उपचार’, हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण आयोगाचा हात डॉक्टरांपर्यंतच पोहोचतो. एखाद्या नोंदणी नसलेल्या समुपदेशकाने तेच केलं, तर त्याची पाटी उतरवणारं कोणी नाही. म्हणून नोंदणी क्रमांक मागा. खरा व्यावसायिक यात अपमान मानत नाही.

नाव कुठून मिळवायचं? मुंबईच्या ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’चा क्वीअर-अफर्मेटिव्ह समुपदेशनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि तो क्वीअर-पारलिंगी समुपदेशकांनीच बांधलेला आहे. १९९४ पासून काम करणाऱ्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्थांकडे चौकशी करता येते. मात्र प्रमाणपत्र हा शेवटचा शब्द मानू नये. ते फक्त एवढंच सांगतं, की या माणसाने शिकायची तयारी दाखवली.

पहिला फोन पाच मिनिटांचा असतो. त्यात स्वतःबद्दल काहीही उघड करायची गरज नाही. ‘एलजीबीटी समाजातल्या लोकांबरोबर तुम्ही काम करता का? त्याचं काही प्रशिक्षण घेतलं आहे का? फी किती, आणि कमी होऊ शकते का?’ एवढं पुरतं. अपॉइंटमेंट स्वतःच्या नंबरवरून घ्या. क्लिनिकमधून येणारा आठवणीचा मेसेज आईच्या किंवा घरमालकिणीच्या फोनवर वाजला, तर सगळी खबरदारी वाया जाते. ऑनलाइन सत्र असेल तर खोलीचं दार हा एकच प्रश्न नसतो, भिंतीही पातळ असतात. बरेच जण बंद गाडीत किंवा गच्चीवर हेडफोन लावून बसतात. कोणी मध्येच आलं तर काय करायचं, एखादा सांकेतिक शब्द ठेवायचा का, हे चांगला थेरपिस्ट पहिल्याच सत्रात स्वतःहून ठरवतो.

चार प्रश्न

प्रश्न विचारताना एक पथ्य पाळा. ‘तुम्ही समलिंगींना मान्यता देता का?’ असं विचारू नका. याचं उत्तर ‘हो’ हेच येणार, निखिलच्या समुपदेशकानेही तेच दिलं होतं. ‘अमुक झालं तर तुम्ही काय कराल?’ असं विचारा. वृत्ती सांगायला सोपी असते. पद्धत सांगायला ती माहीत असावी लागते.

पहिला प्रश्न: ‘माझ्यासारख्या लोकांबरोबर काम करायला तुम्ही कुठे शिकलात, आणि काय शिकलात?’ ‘कॉलेजात एक प्रकरण होतं’ हे उत्तर पुरेसं नाही. आपल्याकडच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ते प्रकरण बहुधा विकारांच्या यादीतच होतं. ‘माझा अनुभव कमी आहे, पण मी प्रशिक्षण घेतलं आहे आणि अडलं तर एका जाणकार सहकाऱ्याला तुमचं नाव न सांगता विचारते’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि पुष्कळदा अनुभवी माणसाच्या घमेंडीपेक्षा उपयोगाचं. ‘तुम्हीच मला शिकवा ना’ असं कोणी म्हणालं, तर सावध व्हा. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर २०२१ मध्ये दोन तरुणींनी संरक्षणासाठी केलेली याचिका आली, तेव्हा त्यांनी या विषयातलं आपलं अज्ञान उघडपणे मान्य केलं, एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन रीतसर सत्र घेतलं, आणि मग निकाल दिला. त्याच निकालात लैंगिक कल बदलण्याच्या ‘उपचारां’ना मनाई केली. न्यायाधीश स्वतः शिकून येऊ शकतो, तर थेरपिस्टने आपला अभ्यास तुमच्या पैशाने आणि तुमच्या तासात का करावा?

दुसरा प्रश्न सगळ्यांत जास्त काही उघड करतो: ‘समजा उद्या मी तुम्हाला म्हणालो, मला बदलायचं आहे, लग्न करून मोकळं व्हायचं आहे, तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न काल्पनिक नाही. स्थळं येऊ लागली, वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेला, की भलेभले असं म्हणतात. ‘तुमची तीव्र इच्छा असेल तर प्रयत्न करून पाहू’ हे उत्तर आलं, तर तिथून उठा. कल बदलता येत नाही, आणि बदलण्याच्या प्रयत्नात नैराश्य वाढतं, आत्महत्येचे विचार बळावतात. शिवाय एका अजाण मुलीचा संसारही पणाला लागतो. ‘छे, असं म्हणायचंच नाही, स्वतःचा अभिमान बाळगा’ हेही उत्तर कच्चं आहे, कारण त्यात तुमची भीती ऐकलीच गेली नाही. जाणकार माणूस साधारण असं म्हणेल, ‘बदलण्याचा उपचार मी करत नाही, कारण तसा उपचार नाही. पण आत्ता हे का वाटतंय, घरी काय घडलं, कशाची भीती आहे, हे आपण नीट बघू.’ यात दार बंद केलेलं आहे, पण तुम्हाला बाहेर काढलेलं नाही.

तिसरा प्रश्न घरच्यांबद्दलचा. ‘मी इथे सांगितलेलं कोणाला कळेल? आईने फोन केला तर तुम्ही काय सांगाल? कागदावर काय लिहाल?’ आपल्याकडे उपचाराचे पैसे अनेकदा आई-वडील भरतात, त्यामुळे ‘पेशंट कोण?’ हाच गोंधळ असतो. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि पैसे कोणी भरले यावर तो अवलंबून नाही. त्याला मर्यादाही आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाने मागितलं, तर माहिती द्यावी लागू शकते. अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालकांचा संबंध येतो. शिवाय पॉक्सो कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीच्या लैंगिक संबंधांची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे, मग तो संबंध दोघांच्या मर्जीचा असला तरी. सतरा वर्षांच्या मुलाने तोंड उघडण्याआधी हे त्याला सांगायला हवं. ‘काही काळजी करू नकोस, सगळं आपल्यातच राहील’ असं गुळगुळीत आश्वासन देणाऱ्यापेक्षा, ‘या तीन गोष्टींत मला सांगावं लागेल, बाकी कशात नाही’ असं म्हणणारा जास्त भरवशाचा.

आईच्या फोनबद्दल ऐकण्यासारखं उत्तर असं असतं: ‘तो येतो की नाही, हेही मी त्याच्या परवानगीशिवाय सांगणार नाही. तुमची काळजी मोठी असेल, तर तुमच्यासाठी वेगळ्या समुपदेशकाचं नाव देते.’ कागदाचं विसरू नका. फाइलवर, बिलावर, कंपनीच्या विम्यासाठीच्या अर्जावर काय लिहिलं जाणार ते आधीच ठरवून घ्या. ‘चिंता विकार’ हे निदान खरंही असतं आणि पुरेसंही.

चौथा प्रश्न खास पारलिंगी व्यक्तींसाठी, आणि तो मराठीत सुरू होतो क्रियापदापासून. इंग्रजीत सर्वनामाची चर्चा चालते. मराठीत ‘आलास’ की ‘आलीस’, ‘बसला होतास’ की ‘बसली होतीस’ हे दर दुसऱ्या वाक्यात ठरवावं लागतं. म्हणून विचारा, ‘तुम्ही माझ्याशी कसं बोलाल, आणि आई शेजारी बसलेली असताना कसं बोलाल?’ घरी अजून सांगितलं नसेल, तर आईसमोर तो जुनं नाव वापरेल की नाही, हे तुम्ही ठरवायचं आहे. नीट शिकलेला थेरपिस्ट खात्री होईपर्यंत ‘तुम्ही आलात’ असं म्हणतो. ‘आलात’सारख्या आदरार्थी रूपात लिंग दिसत नाही, ही आपल्या भाषेने दिलेली सोय आहे. बोलताना चूक कोणाचीही होते. चुकल्यावर तो ‘सॉरी, आलास’ म्हणून पुढे जातो, की आपली सवय किती जुनी आहे हे दहा मिनिटं समजावत बसतो, ते बघा.

याच प्रश्नाचा दुसरा भाग पत्राचा. हार्मोन्स किंवा शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर बहुधा मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र मागतात. त्यामुळे ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं, त्याच्याच हातात परवानगीची किल्ली असते. साहजिकच अनेक जण खरं बोलत नाहीत. शंका, निराशा, जुना आघात लपवतात आणि पाठ केलेली कहाणी सांगतात. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या: ‘पत्रासाठी किती भेटी लागतील, तुम्ही काय तपासता, वेगळी फी आहे का, आणि मी उदास आहे असं सांगितलं तर पत्र अडेल का?’ पारलिंगी आरोग्यावरच्या जागतिक संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शस्त्रक्रियेसाठी एकच पत्र पुरेसं मानलं आहे आणि आधी मानसोपचार घेण्याची सक्ती नको, असं म्हटलं आहे. आपल्याकडे काही शल्यविशारद अजूनही दोन पत्रं मागतात, तर दुसरं कोणाकडून मिळेल हेही विचारा. ‘आधी वर्षभर येत राहा, मग बघू’ हे उत्तर नाही, टोलवाटोलवी आहे. ‘साधारण इतक्या भेटी, या या गोष्टी बघते, नैराश्य असेल तर त्यावर सोबतच उपचार करू, त्यासाठी पत्र अडवणार नाही’ हे उत्तर.

निखिलची दुसरी पहिली भेट

तीन वर्षांनी निखिल दुसऱ्या एका थेरपिस्टकडे गेला. या वेळी नंबर स्वतःचा, बाराशे रुपये स्वतःचे. प्रश्न फोनमध्ये लिहून नेले होते आणि सांगून टाकलं, की घाबरलो आहे म्हणून वाचून विचारतो. बदलण्याबद्दलच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘तसं मी करत नाही. पण तुम्ही हा प्रश्न लिहून आणलात म्हणजे कधीतरी हे मनात येऊन गेलंय. कधी?’ निखिलने पहिल्यांदा वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या रात्रीबद्दल कोणाला तरी सांगितलं.

मग त्याने विचारलं, घरी सांगून टाकू का? इथे आणखी एक सापळा असतो. काही उत्साही थेरपिस्ट ‘सांगून टाका, मोकळे व्हा’ असं ढकलतात. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी हिशेब मांडायला लावला. राहतोस कुठे? पगार तुझ्याच खात्यात येतो का? घराच्या कर्जात नाव कोणाचं? सांगितल्यावर चार दिवस कोणाकडे राहता येईल? बहिणीला आधी सांगणं सोपं जाईल का? आणि न सांगण्याचीही किंमत मोजायला लावली: दर महिन्याला एक स्थळ, प्रत्येक वेळी नवी सबब, त्यानंतरच्या दोन-तीन रात्री जागरण. उत्तर त्यांनी दिलं नाही. पुढच्या आठवड्यासाठी एकच ठरलं, स्थळ आलं की लगेच सबब न सांगता ‘वर्षभर हा विषय नको’ एवढं एकच वाक्य बोलायचं. त्याची तालीम खोलीतच झाली, त्यांनी आईची भूमिका केली. झोपेसाठी रोज उठण्याची एकच वेळ ठरवली आणि जाग आली तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं, असं सांगितलं. दोन महिन्यांनी जाग यायची, पण आठवड्यातून एखाद्या वेळी. घरी त्याने अजून सांगितलेलं नाही. बहिणीला माहीत आहे.

निकाल पहिल्या भेटीत लागत नाही. पण तीन-चार भेटींनंतर एक गोष्ट तपासता येते. तुम्ही तिथे काही गाळून बोलता का? जोडीदाराबद्दल बोलताना ‘एक मित्र’ म्हणता का, त्यांना वाईट वाटेल म्हणून त्यांची चूक दाखवायचं टाळता का? बाहेर जो पहारा द्यावा लागतो, तोच त्या खोलीतही द्यावा लागत असेल, तर खोली बदलायची वेळ झाली. त्याआधी एकदा स्पष्ट सांगून बघा, ‘मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं.’ ते ऐकून घेतलं गेलं, तर नातं टिकवण्यासारखं आहे. ‘तुम्ही फारच हळवे आहात’ असं म्हटलं गेलं, तर तुमचं उत्तर मिळालं.

गावात एकच असेल तर?

मुंबई-पुण्याबाहेर निवड हा शब्दच चैनीचा वाटतो. तालुक्याला एक मानसोपचारतज्ज्ञ, तोही मामांच्या ओळखीचा. अशा वेळी काम वाटून घेता येतं. झोपेचं किंवा नैराश्याचं औषध जवळच्या डॉक्टरकडून घ्यावं, तिथे लैंगिकतेबद्दल सगळं सांगायलाच हवं असं नाही. बोलण्याचं काम ऑनलाइन जाणकार थेरपिस्टबरोबर, महिन्यातून दोनदा का होईना. मात्र घेत असलेली हार्मोन्स कुठल्याही डॉक्टरपासून लपवू नका, औषधं एकमेकांवर परिणाम करतात. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर योग्य माणूस सापडेपर्यंत थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. हे चार प्रश्न त्या रात्रीसाठी नाहीत.

व्यवसायातल्या मंडळींना एकच सांगणं. या प्रश्नांची उत्तरं आपण विचारण्याआधीच द्यायला हवीत. फॉर्मवर ‘विवाहित/अविवाहित’च्या जागी ‘जोडीदार आहे का?’ असं छापायला एक ओळ लागते. गोपनीयतेच्या मर्यादा सांगायला दोन मिनिटं लागतात. ज्या दिवशी आपण हे स्वतःहून करू, त्या दिवशी निखिलला फोनमध्ये प्रश्न लिहून आणावे लागणार नाहीत. तोपर्यंत त्याने ते जरूर आणावेत, आणि आपण ते शांतपणे ऐकून उत्तर द्यावं.